मुलाखतीचे पन्नास गुण आणि आपला भाचा

आमच्याकडे, म्हणजे तलवाडा-गेवराईच्या पट्ट्यात, पोराने बी.एड. केलं की पहिला प्रश्न विचारला जातो तो, ‘संस्थेत कोण आहे?’ टक्के किती पडले, कोणता विषय घेतला, हे नंतर. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. अनुभवाने त्याला एवढं कळलेलं असतं की संस्थेत मामू, खालू किंवा निदान सोयऱ्याचा सोयरा असल्याशिवाय पुढची चौकशी करण्यात अर्थ नाही. माझे एक नातेवाईक एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत. त्यांना मी मामू म्हणतो. त्यांनी मला एकदा सरळच विचारलं, “अरे, आपल्याच माणसाला घ्यायचं नाही, तर संस्था काढायची कशाला?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मामूंच्या पिढीने संस्था काढली तेव्हा कोणी जमीन दिली, कोणी पहिली दोन वर्षं बिनपगारी शिकवलं, कोणी मान्यतेसाठी मंत्रालयाच्या फेऱ्या स्वतःच्या पैशाने मारल्या. त्यांच्या घरात आज शिकलेला मुलगा बेकार बसला असेल तर त्यांच्या मनात काय येणार, हे समजायला अवघड नाही. शिवाय आपल्याकडे नात्याची काळजी घेणं हा धर्माचाच भाग आहे. सिला-रहमीवरचा बयान आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. दुसरीकडे अमानतीवरचा बयानही ऐकलेला असतो, आणि न्यायाच्या आड आई-बाप किंवा नातेवाईक आले तरी न्याय सोडू नये हेही माहीत असतं. मग माणूस दोन्ही बयान आपापल्या सोयीने वापरतो.

मला यात फारसा गोंधळ दिसत नाही. सिला-रहमी आपल्या खिशातून करायची असते. मामूंचं किराणा दुकान असतं आणि त्यांनी गल्ल्यावर भाच्याला बसवलं असतं, तर कोणाची हरकत नव्हती. भाचा नालायक निघाला तर तोटा मामूंचा. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार मात्र सरकारी तिजोरीतून येतो. त्या तिजोरीत काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत सगळ्यावर कर भरणाऱ्या ऊसतोड मजुराचाही पैसा आहे. भाचा नालायक निघाला तर तोटा त्या मजुराच्या पोरांचा, आणि तोही पुढची तीस वर्षं. हजरत उमर यांनी मृत्युशय्येवर पुढचा खलिफा निवडण्यासाठी सहा जणांची समिती नेमली. आपला मुलगा अब्दुल्लाह याला सल्ल्यासाठी बसता येईल, पण खलिफापदावर त्याचा हक्क असणार नाही, असंही त्यांनी सांगून ठेवलं. आपण हा प्रसंग दरवर्षी जलशात ऐकतो. संस्थेच्या बैठकीत त्याची आठवण काढणारा मला अजून भेटायचा आहे.

पण नियतीवर बोलून काही हाती लागत नाही. वशिला लावणारा प्रत्येकजण आपली नियत साफच समजतो. म्हणून मला निवडीच्या यंत्राविषयी बोलायचं आहे, कारण नातं त्या यंत्रात नेमकं कुठून शिरतं हे पाहिलं तरच ते अडवता येतं. लोकांना वाटतं, मुलाखतीच्या खोलीत खेळ होतो. माझ्या मते तो बऱ्याचदा त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

केरळचं उदाहरण घ्या. तिथले अल्पसंख्याक कल्याण मंत्री के. टी. जलील यांना एप्रिल 2021 मध्ये राजीनामा द्यावा लागला. राज्याच्या अल्पसंख्याक विकास वित्त महामंडळात महाव्यवस्थापक म्हणून 2018 मध्ये त्यांच्या एका जवळच्या नातेवाईकाची नेमणूक झाली होती. तो गृहस्थ अडाणी नव्हता. एका खासगी बँकेत तो अधिकारी होता. आक्षेप असा होता की या पदाची शैक्षणिक पात्रता आधी बदलली गेली आणि बदललेली पात्रता त्याच्या अंगाला बरोबर बसत होती. मंत्र्यांचा खुलासा होता की जास्त उमेदवार यावेत म्हणून पात्रता रुंद केली. लोकायुक्तांनी तो मानला नाही. पदाचा गैरवापर आणि नातेवाईकाला झुकतं माप दिल्याचा ठपका त्यांनी ठेवला. हे महामंडळ कोणासाठी होतं, ते विसरू नका. मुसलमान, ख्रिस्ती अशा अल्पसंख्याकांतल्या गरीब पोरांना कर्ज देण्यासाठी.

म्हणजे सदरा आधी शिवला गेला आणि मग अंगं मोजली गेली. आपल्याकडच्या शाळेत हेच लहान प्रमाणावर होतं. जाहिरातीत ‘बी.एस्सी., बी.एड.’ पुरेसं असताना ‘स्काउटचं प्रमाणपत्र असल्यास प्राधान्य’ असं एक शेपूट येतं, आणि पंचक्रोशीत ते प्रमाणपत्र एकाकडेच असतं. किंवा जाहिरात अशा दैनिकात येते जे तलवाड्याच्या स्टँडवर कधी आलेलंच नाही. अर्जाची मुदत सात दिवसांची. आणि दिवस कोणते, तर दिवाळीनंतरचे, जेव्हा आमच्या भागातली निम्मी घरं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेली असतात. त्या घरातली पदवीधर मुलगी तिकडे उसाच्या फडावर धाकट्या भावंडांना सांभाळत असते. तिला कोणी नाकारलेलं नसतं. तिचा अर्जच आलेला नसतो. कागदावर सगळं स्वच्छ: जाहिरात दिली, तीन अर्ज आले, मुलाखती झाल्या. त्या तिनातले दोन अर्ज मोजणी पुरी करायला आणलेले, हे गावातल्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक असतं.

नात्याचं दुसरं दार म्हणजे समितीतली खुर्ची. आपल्याकडे एक सभ्य चाल रूढ आहे. भाच्याचं नाव पुकारलं की मामू उठून बाहेर जातात, व्हरांड्यात चहा घेतात आणि त्याची मुलाखत संपली की परत येऊन बसतात. नंतर अभिमानाने सांगतात, “मी तर आतही नव्हतो.” हे पुरेसं आहे का? सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचं उत्तर 1969 मध्येच दिलेलं आहे, ए. के. क्रैपक खटल्यात.

जम्मू-काश्मीरमध्ये भारतीय वन सेवेसाठी राज्याच्या अधिकाऱ्यांमधून निवड करायची होती. निवड मंडळावर राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक नक्शबंद हे पदसिद्ध सदस्य होते, आणि गंमत म्हणजे ते स्वतःच उमेदवारही होते. त्यांच्या नावाची चर्चा झाली तेव्हा ते बसले नाहीत. पण त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची नावं निघाली तेव्हा ते आत होते, आणि गुणानुक्रमाची यादी करतानाही आत होते. यादीत पहिलं नाव त्यांचं आलं. सरकारची बाजू अशी होती की मंडळाने फक्त शिफारस केली, अंतिम यादी लोकसेवा आयोगाने तयार केली. न्यायालयाने ते मानलं नाही आणि निवड रद्द केली. माणसाच्या मनात खरोखर पक्षपात होता की नाही हे सिद्ध करणं कठीण असतं, म्हणून पक्षपात होण्याची रास्त शक्यता होती का एवढंच पाहायचं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. आणि आपलाच प्रतिस्पर्धी समोर असताना त्याला तोलणाऱ्याच्या बाबतीत ती शक्यता उघड असते.

व्हरांड्यातल्या चहाचा दोष इथेच आहे. भाच्याला वर नेण्यासाठी भाच्याला गुण द्यावेच लागत नाहीत. बाकीच्यांना खाली ओढलं तरी तेच होतं. शिवाय आत बसलेल्या चौघांना भाचा कोणाचा हे ठाऊक असतं. त्यांच्यातल्या एकाची सून पुढच्या वर्षी अर्ज करणार असते. ही उधारी कुठल्याच वहीत लिहिली जात नाही, पण फेडली मात्र वेळच्या वेळी जाते.

तिसरी जागा मुलाखतीच्या गुणांची, आणि इथे थोडा हिशेब करू. समजा, गणित-विज्ञानाच्या शिक्षकाची एक जागा आहे. लेखी परीक्षा 100 गुणांची आणि मुलाखत 50 गुणांची. ओळखीपाळखीशिवाय आलेल्या एका मुलीला लेखीत 78 पडले. भाच्याला 61. फरक 17 गुणांचा, म्हणजे चांगलाच. मुलाखतीत समितीने मुलीला 25 दिले, भाच्याला 44. मुलीची बेरीज 103, भाच्याची 105. भाचा लागला. कोणी विचारलं तर सांगता येतं की मुलगी बुजरी होती, आवाज पोचत नव्हता, वर्गावर ताबा राहिला नसता. यातलं खरं-खोटं तपासायला कोणाकडे काहीच नसतं.

आता मुलाखत 50 ऐवजी 14 गुणांची करा आणि लेखी तीच ठेवा. समितीने अगदी निर्लज्जपणे भाच्याला 14 पैकी 14 दिले आणि मुलीला शून्य, तरी भाचा 75 वर थांबतो आणि मुलगी 78 वर असते. नातं तेच, समिती तीच, नियतही तीच. बदलला फक्त एक आकडा.

14 हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. अशोक कुमार यादव विरुद्ध हरियाणा राज्य या 1985 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच वाद होता. हरियाणाच्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखी 700 गुणांची आणि तोंडी 200 गुणांची होती, म्हणजे एकूण गुणांच्या 22.2 टक्के तोंडीला. माजी सैनिकांसाठी तर हे प्रमाण 33.3 टक्के होतं. निवडलेल्यांमध्ये आयोगाच्या सदस्यांचे नातेवाईकही होते. न्यायालयाने म्हटलं की तोंडीला एवढं वजन दिलं की मनमानीला वाव मिळतो, आणि सर्वसाधारण उमेदवारांसाठी हे प्रमाण 12.2 टक्क्यांच्या वर जाऊ नये. वरच्या उदाहरणात 114 पैकी 14 म्हणजे जवळपास तेवढेच.

याच निकालाचा दुसरा भाग मामूंना आवडेल, म्हणून तोही सांगतो. त्या नातेवाईकांची निवड न्यायालयाने केवळ नात्यावरून रद्द केली नाही. लोकसेवा आयोग ही घटनात्मक संस्था आहे, तिथल्या सदस्याच्या जागी दुसरा माणूस आणून बसवता येत नाही, म्हणून तिथे सदस्याने नातेवाइकाच्या मुलाखतीपुरतं बाजूला होणं पुरे, असं न्यायालय म्हणालं. पण त्याच्या चर्चेत भाग घ्यायचा नाही आणि त्याला किती गुण मिळाले हेही सदस्याला कळू द्यायचं नाही. साध्या निवड समितीत मात्र जवळचा नातेवाईक उमेदवार असेल तर सदस्याने समितीतूनच बाहेर व्हावं. गावच्या शाळेची समिती म्हणजे काही लोकसेवा आयोग नव्हे. तिथे मामूंच्या जागी दुसरा माणूस सहज मिळतो.

म्हणून भाच्याने अर्जच करू नये, असं मी म्हणत नाही. मामूंचा भाचा असणं हा गुन्हा नाही, आणि तो खरोखर चांगला शिकवत असेल तर त्याला नात्यापायी डावलणं हाही अन्यायच. अशा भाच्याचं नुकसान तर दुहेरी होतं. तो स्वतःच्या कुवतीवर लागला तरी स्टाफरूममध्ये त्याच्याकडे आयुष्यभर ‘संस्थेचा माणूस’ म्हणूनच पाहतात. मामू पहिल्या दिवसापासून पूर्ण बाहेर राहिले असते, तर त्याची नेमणूक त्याची स्वतःची राहिली असती.

आता आपल्या घरातली गोष्ट. राज्यात 2017 पासून खासगी अनुदानित शाळांसाठी पवित्र पोर्टल आलं. आधी अभियोग्यता चाचणी, 200 गुणांची, आणि तिच्या गुणांवरून उमेदवार. संस्थेला मुलाखत घ्यायची असेल तरी पोर्टलवरून आलेल्या उमेदवारांमधूनच निवड करावी लागते. या व्यवस्थेत कटकटी पुष्कळ आहेत, भरती वर्षानुवर्षं रखडते, तो वेगळा लेख होईल. पण अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थांना या पोर्टलवरून शिक्षक घेण्याची सक्ती नाही. राज्यघटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. शिक्षक निवडणं हा त्या हक्काचाच भाग म्हणून आपण सांगत आलो.

हा हक्क मला मोलाचा वाटतो, कारण बाहेर काय होतं ते आपण जाणतो. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटेवेल यांचा एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात होता: एक सवर्ण हिंदू, एक दलित, एक मुसलमान. सवर्ण नावाच्या तुलनेत मुसलमान नावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश निघाली. हा अभ्यास आपल्यातले लेखक-वक्ते पुन्हा पुन्हा सांगतात, आणि सांगायलाच हवा. त्याच वर्षी, त्याच साप्ताहिकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचाही एक लेख होता. त्याचा उल्लेख आपण सहसा करत नाही. त्यांनी बड्या कंपन्यांत माणसं निवडणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून पाहिलं. ते अधिकारी जात-धर्म पाहत नाही म्हणत होते, पण उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ मात्र जवळपास सगळेच विचारत होते. वडील काय करतात, घर कुठलं, भाऊ-बहिणी कुठे असतात. त्यांना तो प्रश्न अगदी निरुपद्रवी वाटत होता.

‘संस्थेत कोण आहे?’ हा आमचा प्रश्न आणि त्यांचा ‘वडील काय करतात?’ यांत मला तरी फरक करता येत नाही. तिकडे ज्या चाळणीने अन्सारी आणि पठाण गळतात, तीच चाळणी आपण आपल्या संस्थेत लावतो, आणि इथे गळते ती कुणा शेख मजुराची मुलगी. तिच्यासाठी बाहेरचं दार नावामुळे अर्धं बंद. घरचं दार आडनाव आपलं असूनही बंद, कारण घर चुकीचं. हक्क समाजाच्या नावाने मागितला गेला आणि तो वापरतात आठ-दहा घरं.

आणि हक्क असा वापरला तर तो टिकतही नाही. पश्चिम बंगालने 2008 मध्ये कायदा करून तिथल्या अनुदानित मदरशांमधल्या शिक्षकांची निवड एका आयोगाकडे दिली. एका मदरशाच्या व्यवस्थापन समितीने कलम 30 च्या आधारे त्याला आव्हान दिलं. उच्च न्यायालयात समिती जिंकली. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि कायदा वैध ठरवला. शिक्षक नेमण्याचा व्यवस्थापनाचा अधिकार निरंकुश नाही, विद्यार्थ्याला चांगला शिक्षक मिळणं हेही पाहावं लागतं, असा त्याचा रोख होता. महाराष्ट्रात उद्या असा कायदा आला आणि आपण न्यायालयात गेलो, तर आपल्या बाजूने दाखवायला काय असेल? गेल्या वीस वर्षांच्या नेमणुकांची यादी, आणि तिच्या शेजारी कार्यकारिणीची यादी. दोन्हीकडची आडनावं वाचायला वकील लागणार नाही.

मी मामूंसमोर माझ्या अपेक्षा ठेवल्या आहेत, आणि त्या खर्चिक नाहीत. अर्जात एक रकाना असावा, कार्यकारिणीतल्या कोणाशी काय नातं आहे याचा. ज्याचं नातं निघेल त्या सदस्याने जाहिरातीचा मसुदा ठरण्याआधीच बाहेर व्हावं आणि निकालाच्या सहीपर्यंत बाहेर राहावं. त्याच्या जागी दुसऱ्या तालुक्यातला एखादा निवृत्त मुख्याध्यापक बसवावा. लेखी परीक्षा नावाऐवजी क्रमांकावर तपासावी. वर्गात पाठ घ्यायला लावावा, कारण शिक्षक वर्गातच कळतो, पण प्रत्येक परीक्षकाने आपले गुण स्वतंत्र कागदावर, शाईने, त्याच वेळी लिहून सही करावी. आणि निकाल सगळ्यांच्या गुणांसह शाळेच्या फळ्यावर लागावा. जाहिरात तलवाड्याच्या मशिदीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी, आणि ऊसतोडीच्या हंगामात काढायचीच झाली तर मुदत महिनाभराची असावी.

मामूंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग बोटं मोजत म्हणाले, “तुझा तो नात्याचा रकाना ठेवला, तर आमच्या अकरापैकी सात जणांना बाहेर बसावं लागेल.”

मी म्हटलं, “चालेल. चौघे पुरतात. पाचवा आपण गेवराईहून आणू.”